अक्कलदाढ सुजली, तोंड उघडेना: पहिल्यांदा असे होणाऱ्यांसाठी

पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा बावीस वर्षांचा एक मुलगा शनिवारी सकाळी दवाखान्यात आला. गालाभोवती पंचा गुंडाळलेला, डोळे रात्रभर न झोपलेले. बोलताना ओठ हलत होते, पण दात जागचे हलत नव्हते. दातांच्या फटीतूनच त्याने विचारले, "मॅडम, धनुर्वात तर नाही ना?" गावाकडून आजीने फोनवर सांगितले होते, दातखीळ बसली म्हणजे धनुर्वात.

आजीची भीती निराधार नव्हती. धनुर्वातात दातखीळ बसते हे खरेच आहे. पण त्यात हिरडी सुजत नाही, एकाच बाजूची दाढ ठणकत नाही, आणि जबड्यापाठोपाठ मान, पाठ, पोटही ताठ होऊ लागते. या मुलाचे दुखणे उजव्या बाजूला, खालच्या जबड्याच्या अगदी टोकाला होते, आणि तिथली हिरडी जांभळट लाल होऊन फुगली होती. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची हिरडी पिकली होती. साधारण सतरा ते पंचवीस या वयात मागच्या दाढेचे दुखणे, हिरडीची सूज आणि तोंड न उघडणे एकत्र आले की बहुतेक वेळा कारण हेच निघते.

हे पहिल्यांदाच होत असेल तर काय पाहायचे, रात्र कशी काढायची आणि दवाखान्यात काय होते, ते त्या मुलाचेच उदाहरण धरून क्रमाने सांगते.

आधी आरशात पाहा

मोबाईलचा टॉर्च लावा, तोंड उघडेल तेवढे उघडा आणि खालच्या दाढा पुढून मागे मोजा. सहाव्या वर्षाच्या सुमारास येते ती पहिली मोठी दाढ, बाराव्याच्या सुमारास येते ती दुसरी. तिच्याही मागे, जिथे जबडा वर वळतो, तिथे तिसरीची जागा असते. तिथे पूर्ण दाढ दिसण्याऐवजी पांढरे टोक तेवढे डोकावत असेल आणि बाकीच्या भागावर हिरडीची झापड आली असेल, तर दुखण्याचे घर सापडले. कधी टोकही दिसत नाही, नुसती फुगलेली हिरडी दिसते. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हलकेच दाबल्यावर कळ येते, क्वचित घाण चवीचा पू येतो. तोंडाला वास येतो. कळ कानात आणि घशात जाते, म्हणून बरेच जण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात.

हे का होते, ते समजून घेतले तर पुढचे उपाय पटतात. जबड्याच्या टोकाला जागा अपुरी असली की अक्कलदाढ अर्धी वर येते आणि अडकते. दाढ आणि तिच्यावरची झापड यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. त्यात अन्न शिरते, ब्रश तिथे पोचत नाही आणि चूळ भरली तरी पाणी आत जात नाही. हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या जंतूंना असा कोपरा फार मानवतो. झापड सुजते. सुजली की तिची उंची वाढते आणि वरची अक्कलदाढ प्रत्येक घासाला तिच्यावर आपटू लागते. चेंगरल्यामुळे ती आणखी सुजते आणि सुजल्यामुळे आणखी चेंगरते. या चक्रात दोन दिवसांत माणूस आडवा होतो.

तोंड का उघडत नाही? जबडा मिटणारे मोठे स्नायू या दाढेला अगदी लागून आहेत. एक गालाच्या बाजूने, दुसरा जबड्याच्या आतल्या बाजूने. सूज त्यांच्यापर्यंत पोचली की ते आखडतात. पाय मुरगळल्यावर पोटरी जशी धरते, तसेच. म्हणजे सांधा निखळलेला नसतो आणि जोर लावून तोंड उघडण्यात काही अर्थ नसतो.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. तोंड उघडणे दोन-चार दिवसांत नव्हे, महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत गेले असेल, तिखट लागले की तोंडाची आग होत असेल, गालाच्या आतली कातडी पांढुरकी आणि ताठ लागत असेल, आणि सुपारी, गुटखा किंवा मावा खाण्याची सवय असेल, तर ते अक्कलदाढेचे दुखणे नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही पंचविशीतली अशी मुले आम्ही पाहतच असतो. त्या आजारात पुढे कर्करोगाचा धोका असतो. म्हणून सुपारी त्याच दिवशी बंद करायची आणि तोंड तपासून घ्यायचे. दोन्ही त्रास एकाच माणसाला असू शकतात, म्हणून सवय असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

बोटांनी मोजा

आता तोंड किती उघडते ते मोजा, कारण किती घाई करायची हे त्यावर ठरते. आपल्याच हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये उभी घाला. निरोगी माणसाची तीन बोटे जातात, म्हणजे साधारण चाळीस मिलिमीटर. दोन जात असतील तर त्रास मध्यम आहे, एक-दोन दिवसांत दंतवैद्याकडे जा. एकच बोट जात असेल किंवा तेही जात नसेल, तर आजच जा.

त्या मुलाचे एक बोट आरामात जात होते, दुसरे अडत होते. माझ्या पट्टीवर बावीस मिलिमीटर भरले.

पण बोटांपेक्षाही महत्त्वाची काही लक्षणे आहेत. पाणी किंवा लाळ गिळता येत नाही, लाळ बाहेर गळते आहे. जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली गेली आहे, किंवा जीभ बाहेर काढता येत नाही. सूज जबड्याच्या कडेखाली गळ्यावर उतरली आहे आणि तो भाग हाताला कडक लागतो आहे. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज येतो आहे. आडवे पडले की श्वास कोंडतो, म्हणून बसून राहावे लागते आहे. यांतले एक जरी असेल तर साध्या दातांच्या दवाखान्याची वेळ घेत बसू नका. रात्र असली तरी तातडीचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा, किंवा १०८ ला फोन करा. पू जिभेखालच्या आणि घशाजवळच्या पोकळ्यांत उतरला की श्वासनलिका दबू शकते आणि ते काही तासांतही होऊ शकते. असे क्वचितच होते, पण झाले तर घरगुती उपायांना जागा नाही.

१०१ अंशांच्या वर ताप आणि थंडी वाजणे हीसुद्धा त्याच दिवशी दाखवण्याची लक्षणे. मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर लक्षणे सौम्य असली तरी थांबू नका.

आजची रात्र घरी कशी काढायची

धोक्याचे लक्षण नाही, पण दवाखाना उद्याच उघडणार आहे, असे धरू.

पहिले काम धुण्याचे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घाला. पाणी चहासारखे गरम नको, हाताला सुखाचे वाटेल एवढेच. घोट घेऊन मान दुखऱ्या बाजूला कलवा, पाणी त्या कोपऱ्यात अर्धा मिनिट धरून ठेवा, मग हलके खळखळवून टाका. दर दोन-तीन तासांनी आणि खाल्ल्यावर प्रत्येक वेळी हे करा. नुसती चूळ भरून थुंकण्यात आणि मान कलवून धरण्यात बराच फरक पडतो.

दुसरे काम लोकांना पटत नाही. ते म्हणजे ब्रश करणे. दुखते म्हणून त्या बाजूला ब्रश बंद होतो आणि तिथेच मळ साठत जातो. लहान मुलांचा, छोट्या डोक्याचा मऊ ब्रश आणा. तोंड थोडेच उघडत असले तरी तो गालाच्या बाजूने मागे सरकतो. दाढेच्या दिसणाऱ्या भागावरून आणि झापडीच्या कडेवरून हळू फिरवा. थोडे रक्त येईल, येऊ द्या.

वेदनाशामक गोळी घ्यायला हरकत नाही, पण मोजून. प्रौढ निरोगी माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, एक-दोन दिवस, हे या दुखण्यात चांगले काम करते, कारण ते सूजही कमी करते. दमा, पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर ते घेऊ नका. पावसाळ्यात अंगदुखीसह ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही नको. अशांनी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे, आणि चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल, तर मर्यादा याहून कमी आहे, ती डॉक्टरांना विचारा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 'दाढदुखीच्या' बऱ्याच गोळ्यांत दोन्ही औषधे एकत्र असतात. त्यावर पुन्हा तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉल नकळत दुप्पट होते. म्हणून पाकिटामागचे बारीक अक्षर वाचा.

खाण्याचे म्हणाल तर मऊ भात-वरण, पेज, खिमट, ताक, दुधात कुस्करलेली पोळी. दुसऱ्या बाजूने चावा. शेंगदाणे, चिवडा, फरसाण, तिळाची चटणी हे काही दिवस बाजूला ठेवा, कारण त्यांचे कण नेमके त्या खिशात जाऊन बसतात.

आता काय करू नये. आमच्या मुलाने यातले तीन प्रकार दोन दिवसांत उरकले होते.

गुरुवारी रात्री त्याने लवंगेचे तेल कापसावर घेऊन हिरडीवर दाबून ठेवले. लवंगतेलाने दाढ बधिर होते हे खरे, पण ते किडीच्या खड्ड्यात थेंबभर घालायचे असते. सुजलेल्या हिरडीवर निखळ तेल ठेवले की कातडी भाजते. त्याच्या हिरडीवर मला पांढरा चट्टा दिसला तो त्यामुळेच. अॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी ठेवली तरी असाच भाजल्याचा व्रण होतो. मिशरी लावण्याचेही तसेच. क्षणभर बरे वाटते, पण तंबाखू तो भाग आणखी जाळते.

शुक्रवारी त्याने गालावर तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक घेतला. सूज बसेल असे वाटते, पण पू होण्याच्या दिवसांत बाहेरून गरम शेक दिला तर रक्तपुरवठा वाढतो आणि सूज पसरू शकते. ऊब द्यायचीच असेल तर आतून, कोमट मिठाच्या पाण्याची. बाहेरून द्यायचे तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा मिनिटे.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. रूममेटकडे मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या होत्या, त्याने त्यातल्या दोन घेतल्या. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत. शिवाय खिशातला मळ तिथेच राहतो. उद्या डॉक्टर विचारतील तेव्हा नेमके काय घेतले हेही सांगता येत नाही.

दवाखान्यात काय होते

साधा दंतवैद्य हे काम करू शकतो, पहिल्याच दिवशी शल्यविशारदाची गरज नसते. खर्चाची अडचण असेल तर शासकीय दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि 'ओरल सर्जरी' विभाग विचारा.

मी त्या मुलाचे आधी अंग पाहिले. ताप ९९.८, नाडी थोडी वेगात, जबड्याच्या कडेखाली वाटाण्याएवढी दुखरी गाठ. गिळता येत होते, जीभ बाहेर येत होती, जिभेखालचा भाग मऊ होता. म्हणजे प्रकरण अजून त्या कोपऱ्यापुरतेच होते. मग दुसरी दाढ किडलेली नाही ना, हे पाहिले. किडलेल्या दुसऱ्या दाढेचे दुखणे अक्कलदाढेच्या माथी मारले जाण्याचा प्रकार नवा नाही.

नंतरचे काम पाच मिनिटांचे. जागा बधिर केली आणि बोथट टोकाची सुई लावलेल्या सिरिंजने झापडीखाली कोमट सलाईन हळूहळू सोडले. पहिल्या सिरिंजला ढगाळ पाणी आणि घाण वास बाहेर आला. दुसरीला शेंगदाण्याच्या कुटाचे कण आले. त्याने आठवून सांगितले की मेसमध्ये बुधवारी भरली वांगी होती. चौथ्या सिरिंजला स्वच्छ पाणी येऊ लागले.

या त्रासात सगळ्यात जास्त गुण या धुण्याचा येतो. आणि बहुतेक लोक दवाखान्यात येतात ते गोळ्या लिहून घ्यायला. खिसा न धुता नुसत्या गोळ्या दिल्या तर चार दिवस बरे वाटते आणि महिन्याभरात माणूस पुन्हा दारात उभा असतो. तुमच्या डॉक्टरांनी तोंडात न पाहता चिठ्ठी लिहिली, तर 'जागा धुऊन देता का' असे विचारायला संकोचू नका.

वरची अक्कलदाढ झापडीवर आपटत होती, हिरडीवर तिच्या टोकाचा ठसा उमटला होता. बावीस मिलिमीटर तोंडातून ती काढणे कठीण, म्हणून तिचे टोक थोडे घासून आपटणे थांबवले. तोंड बरे उघडत असेल आणि वरच्या दाढेचा तसाही उपयोग नसेल, तर काही डॉक्टर ती त्याच दिवशी काढतात. वरची दाढ काढणे बहुधा सोपे असते आणि आराम लगेच मिळतो.

मग प्रतिजैविकाचा प्रश्न. सूज हिरडीपुरती असेल, ताप नसेल आणि तोंड उघडत असेल तर ते लागत नाही, धुणे पुरते. या मुलाला अंगात कणकण होती, गाठ आली होती आणि दातखीळ बसली होती, म्हणून मी मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन दिवसांसाठी दिले. हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर ते चालते. तोंडाला धातूची चव येते, त्याला घाबरू नका. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर दोन दिवस दारूचा थेंबही नको, उलट्या आणि धडधड होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांशीही हे औषध जमत नाही. काही डॉक्टर अमॉक्सिसिलिन देतात, पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा. या मात्रा समजण्यासाठी दिल्या आहेत. मेडिकलमधून स्वतःहून आणून घेण्याचे हे औषध नाही.

बरोबर क्लोरहेक्सिडिनचे ०.२ टक्क्यांचे माउथवॉश दिले. सकाळ-संध्याकाळ १० मिलिलिटर, मिनिटभर तोंडात धरायचे. टूथपेस्टनंतर लगेच वापरले तर त्याचा गुण कमी होतो, म्हणून अर्ध्या तासाचे अंतर ठेवायचे. आठवड्याभरात बंद करायचे, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

"मॅडम, आजच काढून टाका ना," तो म्हणाला. सगळेच म्हणतात. पण सुजलेल्या भागात बधिर करण्याचे औषध नीट लागत नाही, आणि तोंड उघडत नसताना मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचत नाही. म्हणून साधारणपणे आधी सूज उतरवतात आणि दाढेचे नंतर बघतात. पू साचून पसरू लागला असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवावा लागतो. तेव्हा रुग्णालयात चीर देऊन पू काढतात, आणि जमले तर दाढही त्याच वेळी काढतात.

पुढचे आठ दिवस

रोज सकाळी, ब्रश करण्याआधी, बोटांनी तोंड मोजा आणि लिहून ठेवा. सकाळी जबडा रात्रभर न हलल्याने जास्त आखडलेला असतो, म्हणून रोज त्याच वेळी मोजले तरच तुलना खरी ठरते. दुखणे धुतल्यावर एक-दोन दिवसांत उतरते, पण तोंड उघडायला त्यापेक्षा वेळ लागतो. तोंड अजून उघडत नाही म्हणून घाबरू नका, कालपेक्षा आज जास्त उघडते आहे का तेवढे पाहा.

मुलाला मी सोमवारी पुन्हा बोलावले. ताप नव्हता, तोंड एकतीस मिलिमीटर, झापडीची लाली फिकी झालेली. पुन्हा एकदा धुतले आणि त्याला व्यायाम दिला. कोमट पाण्याने चूळ भरून झाल्यावर तोंड हळूहळू उघडायचे, ताण जाणवेल पण कळ येणार नाही तिथे दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचे, आणि मिटायचे. असे दहा वेळा, दिवसातून चारदा. पुढे आईस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्यांची चळत पुढच्या दातांमध्ये धरायची आणि एक-दोन दिवसांनी एकेक काडी वाढवायची. हा व्यायाम दुखणे उतरल्यावरच करायचा, ठणका असताना नाही. पुढच्या शनिवारी त्याची तीन बोटे गेली.

दोन दिवसांत काहीच फरक नसेल, किंवा दुखणे कमी होऊन तोंड मात्र आणखी मिटत चालले असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. दुसरी गोष्ट फसवी असते. ठणका थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पू आत खोल वाट काढत असतो.

दाढ काढायची की ठेवायची

सूज उतरल्यावर ओपीजी काढतात. हा एक्स-रे तोंडाबाहेरून फिरणाऱ्या यंत्राने निघतो, त्यामुळे तोंड कमी उघडत असले तरी चालतो, आणि दोन्ही जबडे एका चित्रात दिसतात. त्यात डॉक्टर दोन गोष्टी पाहतात. दाढ उभी आहे, पुढे कलली आहे की आडवी झोपली आहे, हे एक. दुसरी गोष्ट म्हणजे तिची मुळे खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या किती जवळ आहेत. फार जवळ वाटली तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन सांगतात.

एकदा सूज आली म्हणून दाढ काढलीच पाहिजे असे नाही. इंग्लंडमधल्या 'नाइस' या संस्थेने २००० साली याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. पहिला झटका फारच तीव्र नसेल तर तेवढ्यावरून दाढ काढू नये, दुसऱ्यांदा झाला तर काढणे योग्य, असे त्यांत म्हटले आहे. आपल्याकडचे डॉक्टर हा नियम तंतोतंत पाळतात असे नाही, आणि जवळपास दवाखाना नसलेल्या गावात राहणाऱ्याने किंवा जहाजावर नोकरीला निघालेल्याने पहिल्या झटक्यानंतरच काढून घेतली तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण चांगल्या उभ्या, पुरेशी जागा असलेल्या दाढेला थोडा वेळ द्यावा. ती पूर्ण वर आली की खिसा आपोआप नाहीसा होतो.

'नुसती झापड कापून द्या' असेही विचारतात. दाढ सरळ आणि जवळजवळ पूर्ण वर आलेली असेल तर त्याचा उपयोग होतो. नसेल तर हिरडी पुन्हा चढते आणि काही महिन्यांनी जैसे थे.

काढण्याचे ठरले तर धोका विचारून घ्या. खालच्या ओठाला किंवा जिभेला बधिरपणा येऊ शकतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, कायमचा राहणे विरळा असते. मूळ नसेला चिकटून असेल तर ही शक्यता वाढते, आणि तेव्हा मूळ तसेच ठेवून फक्त वरचा भाग काढण्याचीही पद्धत आहे. काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, स्ट्रॉने ओढायचे नाही, सिगारेट नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग ओसरते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी एकदम वाढले, कानापर्यंत कळ गेली आणि जखमेत रक्ताची गाठ न दिसता कोरडा खड्डा दिसला, तर परत जा. डॉक्टर तो धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो.

आमच्या मुलाच्या एक्स-रेत उजवीकडची दाढ उभी होती, पण जबड्याच्या वळणाखाली अर्धी अडकलेली. जागा मिळण्याची आशा नव्हती. तरी पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर होती, म्हणून थांबलो. लहान ब्रश आणि प्रत्येक जेवणानंतर मान कलवून चूळ, एवढ्यावर त्याने परीक्षा पार पाडली. तीन महिन्यांनी तीच दाढ पुन्हा कुरकुरू लागली. या वेळी तो दुसऱ्याच दिवशी आला, तोंड दोन बोटे उघडत असताना. धुऊन दिले, प्रतिजैविक लागले नाही, आणि दहा दिवसांनी उजवीकडच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अक्कलदाढा एकाच बैठकीत काढल्या. डावीकडची खालची दाढ पूर्ण वर आली आहे आणि तिच्या मागेपर्यंत ब्रश पोचतो, म्हणून ती राहू दिली आहे.